आधी टेबल मोजा

शाळेतल्या बाकापासून कचेरीतल्या खुर्चीपर्यंत आपण बसायच्या प्रत्येक जागेशी मुकाट्यानं जुळवून घेत आलो. वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाला आणि सर्वांत उंच मुलाला बाक एकाच मापाचा मिळाला, पुढे तसंच जेवणाचं टेबल मिळालं, आणि घरून काम सुरू झालं तेव्हा लॅपटॉपही तिथेच मांडला गेला. आता पैसे मोजून स्वतःच्या मापाची बैठक घ्यायची वेळ आली, तर माणूस सुरुवात करतो खुर्चीच्या पाठीपासून. कमरेला आधार कसा आहे, डोकं टेकतं का, खुर्ची किती मागे रेलते, असले प्रश्न विचारतो. माझं म्हणणं असं, की पहिला प्रश्न टेबलाच्या उंचीचा आहे. तो चुकला की पाठीचा आधार कितीही उत्तम असला तरी वाया जातो.

पाच फूट दोन इंच उंचीची एक बाई डोळ्यांपुढे आणा. घरातली चप्पल घालून पाय जमिनीवर सपाट ठेवले, तर तिच्या गुडघ्यामागची खोबण जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर येते. तिथे बैठक ठेवली की खांदे सैल सोडून वाकवलेलं कोपर त्याहून सुमारे २२ सेंटिमीटर वर. म्हणजे तिचे हात ६२ सेंटिमीटरवर काम करायला तयार आहेत, आणि बाजारातलं तयार टेबल मात्र ७५ च्या आसपास उंच. ही तेरा सेंटिमीटर कुठून तरी भरून काढावीच लागतात. खुर्ची खाली ठेवली तर खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि मान धरते. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, म्हणून ती पुढे सरकून कडेवर बसते. पाठ आणि पाठीचा आधार यांची गाठच पडत नाही. मग दोष येतो खुर्चीवर.

यावर पायाखाली पाट ठेवा, असं कुणी म्हणेल. चालतं, स्वस्तही आहे. फक्त पाट रुंद हवा, नाहीतर पाय तासन्‌तास एकाच जागी खिळतात. दुसरा सल्ला असतो मोटरवर वरखाली होणाऱ्या टेबलाचा. त्याची जाहिरात उभं राहून काम करण्याची, म्हणून ते किती वर जातं एवढंच लोक पाहतात. पाहायचं असतं ते किती खाली येतं. दोन टप्प्यांच्या पायांची बरीच टेबलं ७० सेंटिमीटरच्या जवळपास थांबतात. तीन टप्प्यांचे पाय साठ-बासष्टपर्यंत उतरतात आणि महाग असतात. घरातल्या लाकडी टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेणं हा उपाय कुणाला गावंढळ वाटेल, पण एकट्यानंच वापरायचं टेबल असेल तर याहून नेमकी सोय नाही. लॅपटॉप मग पुस्तकांच्या थप्पीवर चढवून कीबोर्ड वेगळा जोडायचा. आपले पूर्वज जमिनीवर बसूनच लिहीत, हा आक्षेप तर माझ्याच बाजूचा आहे. दिवाणजींच्या पुढ्यातलं उतरतं मेज मांडी घातलेल्या माणसाच्या कोपराच्या बेतानंच बुटकं केलेलं असे.

खुर्ची निवडतानाही हाच हिशेब. बैठक सर्वांत खाली किती येते ते पाहावं, पाठ टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं शिरतात का तेही पाहावं. हातांचे टेकू टेबलाच्या पट्टीला अडणार नाहीत इतके खाली यावेत, नाहीतर माणूस टेबलापासून दूरच राहतो. फोमचा संबंधही उंचीशी आहे, कारण माणूस बसला की तो दबतो, आणि हलका फोम काही महिन्यांत कायमचा दबतो. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो ते एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, मऊपणाचा नाही. दुकानात गादीसारखी सुखद वाटणारी बैठक म्हणूनच संशयास्पद. तिच्या मधोमध मूठ जोरानं दाबावी. खालची फळी हाताला लागली, तर पुढे ती माकडहाडालाही लागणार. लादीतून कापलेल्या फोमपेक्षा साच्यात ओतलेला फोम सहसा आकार जास्त काळ धरतो. कोकणातल्या दमट उकाड्यात जाळीची बैठक बरी, पण ती ताणलेली हवी आणि तिची पुढची चौकट मांडीला टोचता कामा नये.

नावाजलेल्या कंपनीची खुर्ची घेतली की झालं, असं मात्र नाही. हर्मन मिलरची १९९४ साली आलेली ‘एरॉन’ तीन वेगवेगळ्या मापांत मिळते. इतकी महाग, इतक्या कळांची खुर्चीही सर्वांना एका मापात बसत नाही, हे तिच्या कर्त्यांनीच मान्य केलेलं आहे. गोदरेज किंवा फेदरलाइटसारख्या जुन्या कंपन्यांकडे जाण्याचं माझ्या लेखी मोठं कारण म्हणजे पुढची दुरुस्ती. गॅसचा दांडा बसत चालला की खुर्ची आपोआप खाली येते, चाकं झिजतात, गादी दबते. हे भाग सुटे मिळतात का आणि वॉरंटीत फोम धरला आहे का, हे बिल करण्याआधी विचारावं. सुटे भाग मिळत असतील तर बंद पडलेल्या ऑफिसातून आलेली जुनी दणकट खुर्चीही, नवी गादी घालून, त्याच पैशांतल्या नव्या चकचकीत खुर्चीपेक्षा मी पुढे ठेवीन. अर्थात तिची बैठक आपल्या गुडघ्याइतकी खाली येत असेल तरच.