उरलेले नऊ व्होल्ट

बालाघाटच्या बाजूच्या एखाद्या १३२ केव्ही यार्डात लाइनीच्या तोंडाशी चिनीमातीचे तीन उंच खांब उभे दिसतात, प्रत्येकाच्या पायाशी तेलाने भरलेली एक टाकी. बाहेरच्या माणसाला ते इन्सुलेटरच वाटतात. पण हा सीव्हीटी, म्हणजे कपॅसिटर व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर. लाइनीवर किती व्होल्टेज आहे हे कंट्रोल रूममधल्या रिलेला कळतं ते याच्याच तोंडून. रिलेच्या टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याचं मत विचाराल तर यार्डातलं सर्वांत कमी समजून घेतलेलं उपकरण हेच आहे. ब्रेकरबद्दल तोंडभरून बोललं जातं, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे नमुने जातात. सीव्हीटीकडे मात्र तो फुटल्यावरच लक्ष जातं.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. १३२ केव्ही लाइनीत एका फेजचं जमिनीशी व्होल्टेज असतं ७६.२ केव्ही. रिलेला हवे असतात ६३.५ व्होल्ट. एवढी उडी गुंडाळीच्या एकाच ट्रान्सफॉर्मरने मारता येते, १३२ केव्हीला असे साधे पीटी आजही वापरात आहेत. पण व्होल्टेज वाढत जातं तसं त्या गुंडाळीचं इन्सुलेशन फार महाग पडू लागतं. म्हणून दोन टप्पे करतात. खांबाच्या आत कपॅसिटर एकावर एक रचलेले असतात, आणि खालच्या बाजूला एका ठिकाणी टॅप काढलेला असतो. समजा टॅपवर ११.५ केव्ही घ्यायचे आहेत आणि अख्ख्या रचनेची कपॅसिटी ४४०० पिकोफॅरड आहे. मग वरचा भाग साधारण ५२०० पिकोफॅरडचा आणि खालचा २९००० चा निघतो. लहान कपॅसिटरवर मोठं व्होल्टेज पडतं, मोठ्यावर लहान, वाटणी झाली. उरलेलं काम, ११.५ केव्हीचे ६३.५ व्होल्ट करणं, टाकीतला छोटा ट्रान्सफॉर्मर करतो. याच कपॅसिटरमधून कॅरियरचे सिग्नलही लाइनीवर चढवता येतात, हा वरचा फायदा.

खरी मेख इथेच आहे. टॅपवर ११.५ केव्ही असले तरी ते ताकदीचे नाहीत. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही कपॅसिटर समांतर येतात, मिळून सुमारे ३४००० पिकोफॅरड. ५० हर्ट्झला त्यांचा विरोध होतो जवळजवळ ९३ हजार ओहम! १०० व्हीएचा भार लावला तरी टॅपवरून जेमतेम पावणेनऊ मिलिअँपिअर वाहतात, पण तेवढ्यानेच आठशे व्होल्ट वाटेत अडकतात आणि कोन बिघडतो. मोजमापाच्या उपकरणाला हे परवडत नाही. म्हणून टॅप आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये एक रिअॅक्टर बसवतात, ज्याचा विरोध ५० हर्ट्झला बरोबर तेवढाच पण उलट दिशेचा असतो. ट्रान्सफॉर्मरची स्वतःची गळती धरून ती बेरीज तीनशे हेन्रीच्या घरात जाते. दोघांनी एकमेकांना खोडून काढलं की ६३.५ व्होल्ट नीट, कोनासकट, खाली पोहोचतात.

पण हे खोडून काढणं फक्त ५० हर्ट्झला, आणि तेही सगळं सुरळीत चालू असताना. रिअॅक्टरमध्ये आणि कपॅसिटरमध्ये ऊर्जा सतत इकडून तिकडे फिरत असते. लाइनीवर फॉल्ट झाला, वरचं व्होल्टेज एका क्षणात कोसळलं, की ही साठलेली ऊर्जा एका क्षणात जाऊ शकत नाही. तिला भारातून, छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून आणि फेरोरेझोनन्स दाबण्यासाठी लावलेल्या सर्किटातून वाट काढत निचरावं लागतं. या शेवटच्या सर्किटाबद्दल एक सांगायला हवं. कपॅसिटर आणि लोखंडी गाभा एकत्र आले की भलतं व्होल्टेज धरून बसण्याचा धोका असतो, म्हणून ते लावावंच लागतं. पण त्यात स्वतःचे कॉइल आणि कपॅसिटर असलेला ट्यून केलेला प्रकार वापरला तर साठा आणखी वाढतो. संतृप्त होणारा रिअॅक्टर आणि रेझिस्टन्स असलेला साधा प्रकार या बाबतीत बरा.

थोडक्यात, लाइनीवर व्होल्टेज संपलेलं असतं आणि रिलेच्या टर्मिनलवर ते काही काळ उरलेलं असतं. फॉल्ट नेमका कुठल्या क्षणी झाला यावरही बरंच अवलंबून आहे. व्होल्टेज शून्यातून जात असताना फॉल्ट झाला तर कपॅसिटरमधला साठा कमाल असतो, आणि तो हळू निचरतो. आमच्या भागात बांबू वाढून तारेजवळ आला की ठिणगी बहुधा व्होल्टेजच्या शिखराजवळ पडते, तिथे त्रास कमी. पावसाळ्याच्या तोंडावर पडणारी वीज मात्र अशी वेळ पाहत नाही.

आता हे उरलेलं व्होल्टेज किती, आणि त्याने बिघडतं काय? सीव्हीटीसाठी आयईसी ६१८६९ मालिकेचा पाचवा भाग आहे. त्यातल्या साध्या वर्गाला, ज्याच्या नेमप्लेटवर टी१ लिहिलेलं असतं, मुभा अशी आहे की वरचं व्होल्टेज शून्य झाल्यावर २० मिलिसेकंदांनी खालचं व्होल्टेज मूळ शिखराच्या १० टक्क्यांच्या आत यावं. ६३.५ व्होल्टचं शिखर असतं ९०. म्हणजे पूर्ण एक आवर्तन उलटून गेल्यावरही नऊ व्होल्ट उरले तर तो सीव्हीटी चांगलाच आहे, कंपनीकडे तक्रार करता येणार नाही.

हे नऊ व्होल्ट कुठे भारी पडतात ते एका हिशेबाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या स्टेशनचे नाहीत. दहा किलोमीटरची १३२ केव्ही लाइन, दर किलोमीटरला ०.४ ओहम, एकूण ४ ओहम. डिस्टन्स रिलेचा झोन वन, म्हणजे कोणाची वाट न बघता ताबडतोब ट्रिप देणारा पल्ला, ८० टक्के धरला तर ३.२ ओहम. स्टेशन जाळ्याच्या टोकाला आहे, फॉल्ट लेव्हल ५०० एमव्हीए; म्हणजे पाठीमागचा सोर्स जवळजवळ ३५ ओहमचा. पल्ल्याच्या अगदी टोकाला तिन्ही फेजचा फॉल्ट झाला तर रिलेपाशी उरणारं खरं व्होल्टेज ३८ मधले ३.२ ओहम, म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आत. शिखराच्या भाषेत साडेसात व्होल्ट. खरा सिग्नल साडेसात व्होल्टचा आणि सीव्हीटीचा उरलेला गाळ नऊपर्यंत! तीच लाइन ऐंशी किलोमीटरची असती तर खरा सिग्नल अडतीस व्होल्टचा राहिला असता आणि गाळाने फारसं बिघडलं नसतं. सोर्स भागिले पल्ला, हे गुणोत्तर आमच्या धंद्यात एसआयआर म्हणून ओळखलं जातं. पहिल्या लाइनीला ते अकराच्या आसपास, दुसरीला दीडच्याही खाली.

हा गाळ रिलेच्या फिल्टरने काढून टाकावा, असं कोणीही म्हणेल. रिले एका आवर्तनाच्या नमुन्यांतून ५० हर्ट्झचा भाग वेगळा काढतो, वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट त्यात सहज गळतो. सीव्हीटीचा गाळ मात्र संथ असतो, हळूहळू उतरणारा, ५० हर्ट्झच्या खालचा आणि त्याच्या फार जवळचा. फिल्टरला तो घरचाच वाटतो. मग कधी व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी दिसतं, ओहम कमी निघतात, आणि पुढच्या लाइनीवरचा फॉल्ट आपल्याच झोन वनमध्ये आल्यासारखा वाटून निरोगी लाइन सुटते. भरवेलीच्या मँगेनीज खाणीसारख्या जागी माणसं जमिनीखाली काम करत असतात. या मुलखात निरोगी लाइन उगाच सुटणं ही कागदावरची चूक राहत नाही.

म्हणून रिले बनवणाऱ्यांनी त्यात एक थांबा घातला. व्होल्टेज फार खाली गेलंय आणि करंट त्या मानाने वाढलेला नाही, म्हणजे एसआयआर मोठा आहे, असं दिसलं की रिले झोन वनची ट्रिप दीडेक आवर्तन रोखून धरतो. दरम्यान मोजलेले ओहम एका जागी स्थिरावले तर तो थांबा आधीच सोडतो. तराजूचा काटा झुलत असताना कोणी वजन वाचत नाही, तसंच हे.

एका छोट्या लाइनीच्या ट्रिपनंतर रेकॉर्ड पाहायला मला बोलावलं होतं. स्टेशनचं नाव सांगत नाही. ट्रिप पंचवीसच्या जागी पन्नास मिलिसेकंदांच्या वर गेली होती आणि तिथल्या तरुण इंजिनिअरचा जीव टांगणीला लागला होता.

“सर, गेल्याच महिन्यात किटने टेस्ट केलाय, तेव्हा बरोबर पंचवीसला उडत होता. मग आता का झोपला?”

मी स्क्रीनवर आर फेजचं व्होल्टेज मोठं करून त्याच्यासमोर ठेवलं. तरंग कोसळला होता, पण मधल्या रेघेवर बसला नव्हता. रेघेच्या खाली एक फुगीर पोट धरून तो हळूहळू वर सरकत होता आणि त्याच्यावर खऱ्या व्होल्टेजचे बारीक तरंग उमटलेले होते. पोट जिथे सपाट झालं तिथेच ट्रिपचा कॉन्टॅक्ट लागला होता.

“हे किटमध्ये कुठे दिसतं?” मी विचारलं. तो म्हणाला, “किट तर साइनच देतं सर.”

अगदी बरोबर. टेस्ट किटमधून आपण गुळगुळीत तरंग सोडतो, व्होल्टेज एका क्षणात पडतं आणि तिथेच थांबतं. असा सीव्हीटी जगात नाही. त्याला ती थांब्याची सेटिंग बंद करायची होती, कारण अहवालात वेळ कमी दिसला असता. मी नको म्हणालो. आपल्या ग्रिड स्टँडर्डप्रमाणे २२० आणि १३२ केव्हीला फॉल्ट काढायला १६० मिलिसेकंद मिळतात. त्या लाइनीचा ब्रेकर साठ मिलिसेकंदांत उघडत होता, पन्नासची ट्रिप धरूनही मर्यादेला भरपूर जागा होती. ४०० आणि ७६५ केव्हीला मात्र फक्त १०० मिळतात. शेजारच्या सिवनीला सिपतहून ७६५ केव्हीची लाइन येते. तिथल्या दर्जाच्या यार्डात दीड आवर्तनाचा थांबाही डोळ्यांत भरतो.

वेळ वाचवायचा असेल तर थांबा कापून नव्हे, मोजमाप सुधारून वाचवावा. छोट्या लाइनीला लाइन डिफरेन्शियल रिले द्यावा, तो दोन्ही टोकांचा करंट ताडून पाहतो आणि त्याला व्होल्टेजची गरजच पडत नाही. अर्थवायरमधून फायबर गेलेली असेल तर यात अडचण नाही. नवा सीव्हीटी मागवताना टी३ वर्गाचा मागवावा. त्याला दहा मिलिसेकंदांनंतर चार टक्क्यांची आणि वीस मिलिसेकंदांनंतर दोनच टक्क्यांची मुभा आहे. जास्त कपॅसिटीचा घेतला तर ९३ हजार ओहमचा तो विरोधही कमी होतो. १३२ केव्हीला साधा पीटी बसवला तर प्रश्नच उरत नाही. हे काहीच जमत नसेल तर झोन वनचा पल्ला आखडावा, किंवा अगदी आखूड लाइनीवर तो बंद ठेवून कॅरियरच्या मदतीची योजना चालवावी.

सेटिंगची शीट भरणाऱ्या मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. शीटमध्ये लाइनीच्या ओहमशेजारी एसआयआरचा एक रकाना घाला आणि सीव्हीटीच्या नेमप्लेटवरचा वर्ग त्याच्यापुढे लिहा. गुणोत्तर पाचाच्या वर गेलं तर किटच्या साइनवर विसंबू नका. जुन्या फॉल्टची कॉमट्रेड फाइल रिलेत वाजवून बघा, आणि त्यानंतरच थांब्याच्या सेटिंगला हात लावा.