साडेपाचशेची रेघ

जून 2025 मध्ये नीटचा निकाल लागला आणि आमच्या क्लासच्या काउंटरवर एक कागद चिकटला: ‘रिपीटर बॅच – 550 च्या खाली प्रवेश नाही.’ तो कागद आठवला की अजूनही राग येतो.

लातूरच्या ट्यूशन एरियात जून-जुलै कसे असतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको. मी तिथल्याच एका क्लासमध्ये प्रवेशाचं आणि निकालाच्या नोंदींचं काम बघत होतो. कोणती मुलं घ्यायची, कोणती नाही, याचा आराखडा क्लासच्या मालक सरांनी आदल्या वर्षीच ठरवला होता. 2024 च्या निकालात 550 मार्कांच्या मुलाला खुल्या गटातून सरकारी एमबीबीएस मिळणं शक्य नव्हतं, पण अजून एक वर्ष घासलं तर मिळेल असं वाटायचं. असा मुलगा पुन्हा बसायचा, फी भरायचा आणि पुढच्या वर्षी फ्लेक्सवर झळकायचा. त्या वर्षापुरता हिशोब बरोबर होता.

पण 2025 चा पेपर वेगळा निघाला. पर्यायी प्रश्न गेले, जादा वीस मिनिटं गेली आणि फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं. 2024 ला 720 पैकी 720 घेणारे कितीतरी होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. म्हणजे मार्क तेच, पण त्यांची किंमत पार बदलली. त्या वर्षी 550 मिळवलेल्या मुलाला सरकारी कॉलेज मिळणारच होतं. तो रिपीट कशाला करेल? आम्ही काउंटरवर ज्याची वाट बघत होतो तो मुलगा त्या वर्षी बाजारातच नव्हता. आणि जो होता त्याला आम्ही दारातून परत पाठवत होतो.

जळकोटकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिला 462. “साहेब, लेकरानं लई केलंय, पेपरच अवघड होता,” ते म्हणाले. काउंटरवरच्या मुलानं बोट त्या कागदाकडे केलं. मी तिचं स्कोअरकार्ड मागून घेतलं. त्यावर एकूण मार्कांशिवाय प्रत्येक विषयाचं पर्सेंटाइल आणि देशातली रँकही असते. प्रवेश देताना आमच्यात ते कोणी बघतच नव्हतं. तिचं बायोलॉजी उत्तम होतं, केमिस्ट्री ठीक, फिजिक्स मात्र कोसळलेलं. आमच्या क्लासचं नाव होतं ते फिजिक्सच्या सरांमुळेच! आमच्याकडून जिचं सगळ्यात जास्त भलं झालं असतं, तीच मुलगी बाहेर उभी होती. वडील काही न बोलता पायऱ्या उतरले.

त्या रात्री मी जुन्या बॅचची यादी काढली आणि मार्कांऐवजी रँकप्रमाणे मुलांचे गट पाडले. मग प्रत्येक गटात विषयांचा तोल पाहिला: तिन्ही विषय सारखे कच्चे असलेले वेगळे, एकच विषय पडलेले वेगळे. मग प्रत्येक गट वर्षभरात किती पुढे गेला ते मोजायचं होतं. इथे एक फसगत होते. परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्या मुलाचे मार्क पुढच्या वर्षी आपोआप वाढतात आणि क्लास ती वाढ आपल्या खात्यावर मांडतो. म्हणून नीटचा आकडा बाजूला ठेवून आमच्याच पहिल्या दोन टेस्टची सरासरी सुरुवात म्हणून धरली. तरी चित्र स्पष्ट होतं. वरच्या गटातली मुलं थोडीच सरकली होती; त्यांना कुठेही बसवलं असतं तरी ती लागली असती. खरी उडी होती ती बायोलॉजी पक्कं आणि फिजिक्स कच्चं असलेल्यांची. त्यात खेड्यातून मराठी किंवा सेमी माध्यमात शिकून आलेली मुलं भरपूर होती.

मालक सरांनी माझी ही मांडणी पाहिली आणि ते म्हणाले, “हे खरं आहे. पण फ्लेक्सवर उडी दिसत नाही, रँक दिसते.” पुढे जुलैत 550 ची बॅच अर्धी रिकामी राहिली, तेव्हा काउंटरवरचा तो कागद निघाला आणि रँकची अट आली. तोवर जळकोटची मुलगी दुसरीकडे लागली होती.

रेघच नको, असं मला तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही. तिन्ही विषयांत तळाला असलेल्या मुलाला एका वर्षात एमबीबीएसची आशा दाखवून फी घेणं, त्यावर मेस आणि खोलीचा खर्च करायला लावणं, हे त्या कागदापेक्षा वाईट आहे. अशाला नाही म्हणणारा क्लास मला प्रामाणिक वाटतो. पालकांना एवढंच सांगेन: फ्लेक्सवरची नावं मोजू नका. मुलाचं स्कोअरकार्ड पुढे ठेवा आणि विचारा, मागच्या वर्षी याच रँकची, याच विषयात पडलेली किती मुलं घेतली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाचं काय झालं? दिवाळीनंतर सोडून गेलेल्यांसकट विचारा, कारण क्लासच्या यादीतून सगळ्यात आधी गळतात ती तीच नावं.