पाच प्रश्नचिन्हे

मराठी शाळेत शिकल्यामुळे माझी सही आजही देवनागरीतच आहे. म्हणून जुना लॅपटॉप घरी आला आणि विंडोजने नाव विचारले, तेव्हा मी ऐटीत 'सुनील' असे लिहिले. त्या नावाचा फोल्डर तयार झाला. येथवर सारे ठीक होते.

पुढे क्रिकेटचा एक जुना खेळ बसवायला घेतला. तो आधी आपले सामान तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवतो. ते काही उतरेना. पडद्यावर अक्षरे आली:

```
C:\Users\?????\AppData\Local\Temp
```

बसवराजने कन्नड लिपीत नाव दिले होते. त्याच्याकडे सहा प्रश्नचिन्हे! तो म्हणाला, "लेका, आपल्या गावात पाट्यांवरून भांडणे होतात, आणि हा दोघांनाही एकाच मापाने मोजतो!"

कारण समजले ते असे. विंडोज स्वतः नावे युनिकोडमध्ये ठेवते, म्हणून फोल्डर उघडला की 'सुनील' नीट दिसते. पण जुने प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने, जेमतेम २५६ जागांच्या कोष्टकातून नाव मागतात. आमच्या यंत्रावर ते १२५२ क्रमांकाचे होते. त्यात फ्रेंचांच्या é ला जागा आहे, देवनागरीला वा कन्नडला नाही. जागा नसलेल्या प्रत्येक चिन्हाऐवजी '?' येते. स, उकार, न, ईकार, ल अशी माझी पाच झाली. आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात '?' चालतच नाही. मग तो सापडणार कोठून? (प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले, तर दोष बहुधा फक्त फाँटचा असतो.)

मी TEMP आणि TMP यांचा पत्ता C:\Temp असा बदलला. खेळ बसला! तीन संध्याकाळी खपून उपांत्य फेरी गाठली. चौथ्या दिवशी पाहतो तो पुन्हा पहिला सामना. सामान उतरवण्याची वाट मोकळी झाली होती, पण खेळाची नोंद Documents मध्ये, म्हणजे त्याच नावाच्या फोल्डरमध्ये व्हायची होती. ती कधी झालीच नव्हती, आणि खेळाने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मग खात्याचे नाव बदलून पाहिले. व्यर्थ! आम्हा कॉमर्सवाल्यांना हे आधीच कळायला हवे होते: खातेवहीत खात्याचे नाव खोडून नवे लिहिले, म्हणून पानाचा क्रमांक बदलत नाही. फोल्डर जुनाच राहतो.

विंडोजमध्ये सर्व भाषांसाठी UTF-8 वापरण्याचा एक पर्याय आहे. पण त्यावर अजून 'Beta' असे लिहिलेले असते, आणि त्याने दुसरे जुने प्रोग्रॅम बिघडू शकतात. म्हणून मी sunil नावाचे नवे खाते उघडले आणि फाइली तिकडे नेल्या. खेळ बसला, आणि दुसऱ्या दिवशी नोंदही जागेवर सापडली.

शेवटी पानाच्या क्रमांकाचाच फायदा घेतला. कंट्रोल पॅनेलमधून त्या नव्या खात्याचे नाव 'सुनील' केले. आता लॅपटॉप उघडताना माझे नाव माझ्या लिपीत दिसते. आतला फोल्डर मात्र sunil हेच नाव मिरवतो. बसवराजनेही तसेच केले. अंतिम सामना अजून खेळायचा आहे.