मामांच्या डोळ्यांना सापडणारा बाण

मामांच्या दोन्ही डोळ्यांत पडद्याचा मधला भाग झिजला आहे. डॉक्टर त्याला ड्राय मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. दाराशी कोण आलंय, टेबलावर कप कुठे आहे, हे त्यांना कडेच्या नजरेनं बरोबर कळतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं नेमकं तेच धुक्यात जातं. सध्या त्यांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती हातात घेतली आहे. वर्डमध्ये मराठी टायपिंग, शेजारी जुन्या पानांचं स्कॅनिंग, असं दिवसभर चालतं. अक्षरं मोठी करून घेतली होती, तरी काम अडायचं, कारण वाचता यायचं पण बाण सापडायचा नाही. त्यांच्याकडे मुक्कामाला गेले तेव्हा मी यासाठीच बसले.

आधी नुसतं बघत राहिले. बाण हरवला की मामा माउस जोरजोरात हलवायचे, मग तो पार खाली उजवीकडे घड्याळापाशी ढकलायचे. बहुतेक जण असंच करतात आणि तिथेच घात होतो. बाणाचं टोक वर डावीकडे असतं आणि क्लिक त्या टोकानं होतं. बाण खालच्या उजव्या कोपऱ्यात नेला, की तेवढं टोक पडद्यावर उरतं आणि बाकी सगळा बाण बाहेर जातो. वरच्या डाव्या कोपऱ्यात नेला तर तो अख्खा दिसतो. "मामा, हरवला की वर डावीकडे ढकला," हे आधी सांगितलं. सेटिंगला हात लावण्याआधीच निम्मी शोधाशोध थांबली.

मग `Windows + U` दाबून `Accessibility` उघडलं आणि `Mouse pointer and touch` मध्ये गेलो. विंडोज ११ मध्ये तिथे बाणाचा आकार १ ते १५ पर्यंत वाढवता येतो. मामांनी स्वतःच पट्टी १५ पर्यंत ओढली आणि खूश झाले. पण वंशावळीचा तक्ता उघडल्यावर बाणाच्या पोटाखाली तीन-तीन नावं झाकली जाऊ लागली. टोक छोटंच राहतं आणि पोट वाढत जातं, म्हणून ज्या नावावर क्लिक करायचं त्याच्या खालचं आणि उजवीकडचं काही दिसत नाही. एक-एक आकडा खाली येत ६ वर थांबलो. पारख साधी होती. मामांनी हात बाजूला घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचं आणि परत वळून माउस न हलवता बाण कुठे आहे ते बोटानं दाखवायचं.

रंगाचा प्रश्न जास्त नाजूक निघाला. कुणीतरी त्यांना उलट्या रंगाचा बाण लावून दिला होता, म्हणजे पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा. ऐकायला उत्तम वाटतं, पण मधल्या राखाडीचा उलटा रंग जवळजवळ तोच राखाडी असतो. मामांची स्कॅन केलेली पानं सगळी राखाडी! वर्डमध्ये ठसठशीत दिसणारा बाण त्या पानांवर गेला की विरघळून जायचा. म्हणून `Custom` निवडलं. पिवळा आधी डोळ्यांत भरला, पण पांढऱ्या कागदावर पिवळ्याचा उठाव नसल्यासारखाच असतो. तिथे कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर जेमतेम १.०७ येतं आणि सगळी भिस्त बाणाच्या काळ्या कडेवर राहते. गडद गुलाबी, म्हणजे मॅजेंटा, पांढऱ्यावर ३.१ आणि काळ्यावर ६.७ येतो, म्हणजे दोन्हीकडे टिकतो. शिवाय त्यांच्या पानांवर त्या रंगाचं दुसरं काहीच नसतं. तोच ठेवला.

मामांचे एक मित्र काचबिंदूचे रुग्ण आहेत. त्यांचं सगळं उलट आहे. कडेचं गेलंय आणि मधला झरोका शाबूत आहे, त्यामुळे मोठा बाण तो झरोकाच अडवून टाकतो. त्यांना आकार २ किंवा ३ पुरतो, फक्त रंग ठळक हवा आणि बाण शोधायचा काही उपाय हवा. `Windows + R` दाबून `main.cpl` उघडलं की `Pointer Options` मध्ये `Ctrl` दाबल्यावर बाणाभोवती आकसत जाणारी वर्तुळं उमटवायची सोय आहे. मामांना ती वर्तुळं फार बारीक वाटली. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं `Find My Mouse` मात्र त्यांना लगेच जमलं. डावं `Ctrl` दोनदा दाबलं की सगळा पडदा अंधारतो आणि फक्त बाणाभोवतीची जागा उजळ राहते. कडेची नजर बारीक तपशील पकडत नाही, पण असा मोठा फरक चटकन टिपते.

बाणाचं झालं, पण टायपिंग करताना लुकलुकणारी रेघ राहिलीच होती. मराठीत तिचा त्रास वेगळाच. बारीक उभी रेघ आणि काना एकसारखे दिसतात. "मी इथला काना खोडतोय, तो जातच नाही," मामा म्हणाले. मी वाकून बघितलं तर 'पत' मधल्या प आणि त यांच्यामध्ये कर्सर उभा होता, आणि मामा त्याला 'पात' समजून खोडायला बघत होते.

`Accessibility` मध्येच `Text cursor` आहे. तिथे रेघेची जाडी १ ते २० पर्यंत जाते. २० ला ती पुढचं अख्खं अक्षर गिळते. रेघ उजवीकडे जाड होत असल्यानं पुढच्या अक्षराची सुरुवात झाकली जाते, आणि पुढे ऱ्हस्व इकार असेल तर तोच आधी झाकला जातो. ५ वर ती कान्यापेक्षा स्पष्ट जाड दिसते आणि अक्षरही वाचता येतं. शिवाय `Text cursor indicator` चालू केलं. त्यानं रेघेच्या वर आणि खाली रंगीत थेंब येतात. तेही गुलाबीच घेतले. असे थेंब मराठीच्या कुठल्याच अक्षराला नसतात, त्यामुळे कान्याचा घोळ मिटला. मात्र काही प्रोग्रॅम आपली रेघ आपणच काढतात आणि तिथे ना जाडी लागू होते ना थेंब येतात. अशा ठिकाणचा मजकूर मामा आधी वर्डमध्ये लिहितात आणि मग उचलून नेतात.

शेवटी राहिला निवडलेला मजकूर. वर्ड त्याच्यामागे फिकट राखाडी पट्टा ठेवतं. तो मामांना दिसतच नव्हता, आणि न दिसलेल्या पट्ट्यावर एखादी कळ दाबली गेली की परिच्छेद गायब व्हायचा. याला साधी पट्टी ओढून भागत नाही. `Contrast themes` मधली `Desert` ही फिकट पार्श्वभूमीची थीम घेतली, `Edit` मध्ये जाऊन `Selected text` ला काळा पट्टा आणि पिवळी अक्षरं दिली आणि ती वेगळ्या नावानं साठवली. थीम लावली की वेबसाइटांचे स्वतःचे रंग निघून जातात, हे मामांना पसंत नाही. म्हणून डावं `Alt`, डावं `Shift` आणि `Print Screen` एकदम दाबून ते लिहिताना थीम लावतात आणि बातम्या वाचताना काढतात.

दुसऱ्या दिवशी मामींनी वीजबिल भरायला कॉम्प्युटर उघडला आणि तो भलामोठा गुलाबी बाण बघून वैतागल्या. ही सगळी सेटिंग खात्यापुरती असतात. मामींचं वेगळं खातं काढून दिलं, त्यात त्यांचा नेहमीचा बारीक पांढरा बाण आहे.