दहावा पेला

शेजारची लेक दुपारी आली. नवऱ्यापासून सुटून चार वर्षं झालेली. आता एका बिजवराचं स्थळ, त्याला दोन मुलं. म्हणाली, "काकू, पत्ते मांडा की. ते घर माझं होईल काय?"

निघाला दहा पेल्यांचा पत्ता. पामेला कोलमन स्मिथनं १९०९ साली काढलेलं चित्र: इंद्रधनुष्यात दहा पेले, खाली हात उंचावलेलं जोडपं, शेजारी नाचणारी दोन मुलं. ती हरखलीच.

म्हटलं, "थांब गं, नीट बघ. मुलं त्या दोघांकडे बघत नाहीत, पेल्यांकडेही नाहीत. एकमेकांचे हात धरून आपल्याच नाचात आहेत. आणि घर? लांब, झाडांत, एवढंसं. पत्ता सुखाचाच, पण किती दिवसांनी ते सांगत नाही. इंद्रधनुष्यही पावसाशिवाय नाही."

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "धाकटी माझ्या हातचं खात नाही हो."

"न खाऊ दे. भावाबरोबर जेवते ना? तो नाच मोडू नको. आईपण मागायला जाऊ नको. आणि त्यांच्या आईचा फोटो भिंतीवर आहे ना?"

"आहे."

"तो हलवू नको."

पत्ता मी परत गड्डीत सारला.