तीन दिवसांची, पण दोन वर्षांची!

माझा मुलगा दक्षिण कोरियात नोकरीला आहे. माझी नात तिथेच ३० डिसेंबर २०२१ रोजी जन्मली. १ जानेवारीला शेजारीण बाळ पाहायला आली आणि म्हणाली, "दोन वर्षांची झाली की!" मला वाटले, बाई थट्टा करते आहे.

सूनबाईने समजावले, "अम्मी, इथे मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात. पुढचे वर्ष वाढदिवसाला नाही, १ जानेवारीला सगळ्यांचे एकदम वाढते." म्हणजे चालू सालातून जन्मसाल वजा करायचे आणि एक मिळवायचा. आपल्या हिशेबापेक्षा वाढदिवसाआधी दोन वर्षे जास्त, वाढदिवसानंतर एक.

जानेवारी २०२३ मध्ये नातीला ताप आला. शेजारणीने औषधाची बाटली आणली आणि लेबलवरचा तीन वर्षांच्या मुलाचा डोस मोजू लागली. तिच्या हिशेबाने नात तीनची, खरी मात्र जेमतेम एक वर्षाची! सूनबाईने तिचा हात धरला आणि डॉक्टरांना फोन करून जन्मतारीख व वजन सांगितले. डोस बराच कमी निघाला.

असे घोळ टाळण्यासाठी २८ जून २०२३ पासून तिथल्या कायद्याने सरकारी कागदपत्रांत आणि करारांत वाढदिवसाप्रमाणे वय धरायचे ठरवले. तरी लष्करी भरतीसाठी अजून फक्त सालातून साल वजा करतात, आणि घरोघरी जुनी मोजणीही ऐकू येते. म्हणून आमची सून वय विचारले की जन्मतारीखच सांगते.