पँट मागून ओढते, तेव्हा

वहिनींची सुती ड्रिलची पँट कमरेला आणि मांड्यांना बरोबर होती. पण बँकेत खुर्चीवर बसल्या की मागचा पट्टा खाली सरकायचा आणि आसनाची शिलाई रुतायची. उभ्या राहिल्या की बुडाखालून आसनाकडे ताठ, तिरक्या रेघा जायच्या. शिंप्याने दोन्ही बाजूंच्या शिलाया उसवून थोडं थोडं कापड सोडून दिलं होतं. त्याने पँट बाजूंना ढगळ झाली आणि मागच्या रेघा तशाच राहिल्या.

मी टेप लावून पाहिली. वहिनींचं सीट 42 इंच आणि बाजू सोडण्याआधीचा पँटचा घेर 44. म्हणजे घेर कमी नव्हताच. बाजूला चिमटीत कापड धरता येत होतं आणि मागे मात्र ते ताणलेलं होतं. त्यांना मी बाजूने उभं राहायला सांगितलं, तेव्हा कारण दिसलं. सारख्याच घेराच्या दोन बायकांमध्ये एक समोरून रुंद असते, तर दुसरीचा घेर मागच्या बाजूला असतो. वहिनी दुसऱ्या प्रकारातल्या. अशा शरीराला पोटापासून पाठीमागपर्यंत, दोन पायांमधून जाणारं कापड जास्त लागतं. हे अंतर भरून काढतं ते पॅटर्नमधलं आसनाचं टोक, विशेषतः मागच्या भागाचं. ते तोकडं असेल, तर बाजूंनी कितीही सोडा, कापड मागूनच ओढून घेतलं जाणार.

मी त्या पँटचाच पॅटर्न मांजरपाटावर कापला आणि मागच्या भागाच्या आतल्या शिलाईला भरपूर माया ठेवली. सीटच्या उंचीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. वहिनींनी ते घातल्यावर ती रेघ मागे मधोमध खाली झुकली होती. कापड कुठे ओढलं जातंय हे त्या एका रेघेवरून कळतं.

मग मांडीची आतली शिलाई आसनापासून खाली वीतभर उसवली. उसवताक्षणी मागचा भाग सुटला आणि पुढच्या भागापासून जवळजवळ सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, लांब गेला. तेवढीच उणीव होती. पेन्सिलीची रेघही बरीचशी सरळ झाली. खाकी कागदावर मागचं टोक सहा सूत पुढे वाढवलं आणि तिथून गुडघ्यापर्यंत हळूहळू जुन्या रेघेत मिळवत नेलं. पुढच्या भागाला हात लावला नाही, कारण पुढे काही ओढत नव्हतं. पुढून आसनापासून मांजराच्या मिशांसारख्या रेघा वर फाकलेल्या असत्या, तर पुढचं टोक पाहिलं असतं.

टोक वाढवल्यावर तिरक्या रेघा गेल्या, पण बुडाच्या खालच्या भागात अजून घट्ट वाटत होतं. इथे गोलाई बदलावी लागते. मागची गोलाई उथळ, तिरकी उतरत होती. वहिनींचा भराव खालच्या बाजूला आहे, म्हणून गोलाई सीटच्या रेघेच्या खाली आतल्या बाजूला दोन सूत खोल केली. सीटच्या रेघेवर किंवा तिच्या वर खोलगट केलं, तर घेरच कमी होतो आणि पँट आणखी आवळते. गोलाईचा तळ खाली नेला तर आसन खाली लोंबतं. म्हणून आधी नव्या रेघेवर शिलाई मारावी, घालून पाहावं आणि मगच आतलं कापड कापावं. कापलेलं परत जोडता येत नाही.

एक गोष्ट फार जण विसरतात. गोलाईतली माया तशीच रुंद ठेवली, तर बरोबर पॅटर्नसुद्धा ओढल्यासारखा दिसतो, कारण ती जाड पट्टी गोलाईत वळत नाही आणि आसन वर ढकलते. मी गोलाईत दुहेरी शिलाई मारून माया दोन सुतावर आणली. तोपर्यंत दिसणारी बारीक ओढ त्याच क्षणी गेली.

किती वाढवायचं, तेही रेघाच सांगतात. ताठ रेघ म्हणजे कापड कमी. सैल, लोंबणारी घडी म्हणजे कापड जास्त. मात्र उभं राहिल्यावर बुडाखाली थोडी सैल घडी पडणारच, कारण बसायला आणि जिना चढायला तेवढं कापड हवंच. उभ्याने अगदी गुळगुळीत दिसणारी पँट बसल्यावर आवळते. म्हणून मी वहिनींना आरशासमोर नाही, खुर्चीवर बसवून पाहिलं. पट्टा जागेवर राहिला. "ताई, आता ओढत नाही हो," असं त्या म्हणाल्या, तेव्हाच पॅटर्न पक्का केला.

तुम्ही शिंप्याकडे पँट शिवायला टाकत असाल, तर मागच्या आतल्या शिलाईला आणि मागच्या मधल्या शिलाईला इंचभर माया ठेवायला सांगा. शिवून झालेल्या पँटला आसन वाढवायचं असेल, तर कापड तिथूनच मिळतं.